सिरिंजमधली हवा आणि टीएचएफमधलं पाणी

(माटुंग्यात झालेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आज मी एकाच सॉल्व्हंटबद्दल बोलणार आहे, टीएचएफ. त्यातही एकाच बाटलीबद्दल. ती बाटली जुलै महिन्यात मला तीन दिवस छळत होती.

आमच्या पिढीने टीएचएफ कोरडं करायचं म्हणजे सोडियम आणि बेंझोफिनोन टाकून उकळायचं, एवढंच शिकलं. गडद निळा रंग आला की मास्तर खूश. पण निळा रंग पाणी किती उरलंय ते सांगत नाही, केटिल तयार झालंय एवढंच सांगतो. २०१० साली विल्यम्स आणि लॉटन यांनी जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्रीमध्ये हे मोजूनच दाखवलं. १०८ पीपीएम पाणी असलेलं टीएचएफ सोडियम-बेंझोफिनोनवर ४८ तास ठेवून साधारण ४३ पीपीएमवर आलं. तेच टीएचएफ ३ अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्हवर ७२ तास नुसतं ठेवलं, तर ४ पीपीएमच्या आसपास. न उकळता, न आग लागण्याची धास्ती बाळगता.

४३ आणि ४ मध्ये फरक तो काय, असं वाटेल. दहा मिली टीएचएफमध्ये अर्धा मिलिमोल ब्युटिललिथियम वापरायचं आहे असं धरा. ४३ पीपीएमला त्या दहा मिलीत सुमारे ०.३८ मिलिग्रॅम पाणी असतं, म्हणजे ०.०२१ मिलिमोल. तुमच्या अभिकर्मकाचे चार टक्के तिथेच गेले. ४ पीपीएमला अर्ध्या टक्क्याहूनही कमी जातात.

आता सीव्ह. तीन अँगस्ट्रॉमचा सीव्ह म्हणजे ए प्रकारचा झिओलाइट, त्यातल्या सोडियमची जागा बऱ्याच अंशी पोटॅशियमने घेतलेली. त्यामुळे भोकं इतकी लहान होतात की पाणी आत जातं आणि टीएचएफ बाहेर राहतं. वजनाच्या सुमारे वीस टक्के पाणी तो धरू शकतो. मग एक लिटर टीएचएफला दोनशे ग्रॅम सीव्ह घालतात, तो कशाला? त्या लिटरभर टीएचएफमध्ये पाणी आहे जेमतेम शंभर मिलिग्रॅम! कारण असं, की प्रश्न पोट किती मोठं आहे याचा नाही, पोट किती रिकामं आहे याचा आहे. सीव्हमध्ये आधीच थोडं पाणी असेल, तर तो सॉल्व्हंटला एका पातळीच्या खाली नेतच नाही. दोनशे ग्रॅम सीव्हमध्ये पाच टक्के पाणी असेल तर ते झालं दहा ग्रॅम, सॉल्व्हंटमधल्या पाण्याच्या शंभरपट. असा सीव्ह चांगलं सॉल्व्हंट ओलंसुद्धा करू शकतो.

म्हणून नवा डबा उघडला तरी सीव्ह तापवायचाच. ११० अंशाचा काचसामान वाळवायचा ओव्हन इथे कामाचा नाही. पातळ थर पसरून ३०० अंशाला रात्रभर, शक्यतो व्हॅक्यूमखाली, आणि थंडही व्हॅक्यूममध्ये किंवा कोरड्या नायट्रोजनखालीच करायचा. डेसिकेटरमध्ये सिलिका जेल ठेवून त्यावर थंड करू नका, सीव्ह त्या सिलिकाचंच पाणी ओढून घेतो. तापवणं जमलं की नाही याची साधी परीक्षा म्हणजे ओल्या तळहातावर चार दाणे ठेवायचे. चटका बसल्यासारखं वाटलं की दाणे भुकेले आहेत. एकदा वापरलेला सीव्ह मात्र सॉल्व्हंट पुरतं उडून गेल्याशिवाय भट्टीत घालू नका. आणि बाटलीत मॅग्नेटिक बार टाकून ढवळू नका, दाण्यांचं पीठ होतं.

तर माझी बाटली. सगळं असंच केलं होतं. तीन दिवसांनी पाणी मोजायच्या यंत्रावर, कार्ल फिशरच्या कुलोमीटरवर, एक मिली टोचलं, आकडा आला १८ पीपीएम. परत टोचलं, २५. तिसऱ्यांदा १२. मी सीव्हला शिव्या घातल्या, पुन्हा भट्टीत घातला, दुसऱ्या बाटलीत तीन दिवस घालवले. आकडे तसेच नाचत राहिले.

मग एका संध्याकाळी, बाहेर धो धो पाऊस, गाड्या बंद, घरी जाता येईना, तेव्हा कागद पेन्सिल घेऊन बसलो. मुंबईत जुलैमध्ये ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता धरली, तर एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी असतं. म्हणजे एक मिली हवेत २६ मायक्रोग्रॅम. आणि ५ पीपीएमच्या एक मिली टीएचएफमध्ये पाणी किती? ०.८९ ग्रॅम गुणिले पाच, म्हणजे साधारण साडेचार मायक्रोग्रॅम. मी ज्या सिरिंजने टीएचएफ मोजत होतो, तिच्यातल्या अर्ध्या मिली हवेत टीएचएफच्या तिप्पट पाणी होतं! शिवाय काचेच्या आतल्या भिंतीला चिकटलेला ओलावा वेगळा. मी सॉल्व्हंट मोजत नव्हतो, मुंबईचा पावसाळा मोजत होतो.

हे पडताळायला एक सोपी युक्ती आहे. दोन वेगवेगळे आकारमान टोचा आणि पीपीएम विसरून यंत्राने दाखवलेले मायक्रोग्रॅम लिहा. माझ्याकडे एक मिलीला १६ मायक्रोग्रॅम आले, पाच मिलीला ३४. चार मिली जास्त टीएचएफने १८ मायक्रोग्रॅम वाढले, म्हणजे मिलीला साडेचार. घनतेने, म्हणजे ०.८८९ ने भागलं की ५ पीपीएम. उरलेले साडेअकरा मायक्रोग्रॅम दोन्ही वेळा तेवढेच आले. ते माझ्या हाताचे, सिरिंजचे आणि सेप्टमचे. सीव्ह पहिल्यापासून निर्दोष होता.

त्यानंतर मी सिरिंज त्याच टीएचएफने तीनदा धुतो आणि ते धुणं फेकून देतो, बाटलीत हवेऐवजी कोरडा नायट्रोजन भरतो, आणि एक मिलीऐवजी पाच मिली टोचतो. दहा मायक्रोग्रॅमच्या खालच्या आकड्यांवर यंत्राचाही फार भरवसा नसतो, त्यामुळे थोडं टोचून शंभर वेळा मोजण्यापेक्षा जास्त टोचून तीनदा मोजलेलं बरं. यंत्र सुरू केल्यावर ड्रिफ्ट खाली येऊन स्थिर होईपर्यंत थांबायचं, आणि सकाळी ज्ञात पाण्याचं स्टँडर्ड एकदा टोचून पाहायचं. कोणाकोणाला हे वेळखाऊ वाटतं. पावसाळ्यात एकदा तरी हा हिशेब करून बघावा त्यांनी.

प्रश्न विचारला गेला आहे, हीच पद्धत ॲसिटोनला चालेल का. नाही. सीव्हवर ॲसिटोनचे रेणू एकमेकांशीच जोडले जातात, आणि त्या क्रियेत पाणीही सुटू शकतं. शिवाय नेहमीच्या कार्ल फिशर अभिकर्मकातल्या मेथॅनॉलशी ॲसिटोन केटल बनवतं, त्यातही पाणी बाहेर पडतं, म्हणून आकडा फुगतो. किटोनसाठीचा वेगळा अभिकर्मक मिळतो, तो घ्यावा लागतो.

दुसरा प्रश्न, आकडा कमीसुद्धा येऊ शकतो का. येतो, आणि तो जास्त फसवा. टीएचएफ जुनं असेल, इन्हिबिटर नसेल, तर त्यात परॉक्साइड झालेले असतात. ते सेलमधल्या आयोडाइडपासून आयोडीन मोकळं करतात, त्यातच थोडं पाणी खर्ची पडतं, आणि यंत्र तेवढा विद्युतप्रवाह कमी वापरतं. मग १ पीपीएम दिसतं आणि माणूस खूश होतो. म्हणून इतका सुंदर आकडा आला की मी आधी परॉक्साइडची पट्टी बुडवतो.