वाटीभर वाफवलेलं अंडं

(दृश्य: कोल्हापुरातलं एक स्वयंपाकघर. ओट्यावर उकडलेलं अंडं, मधोमध कापलेलं.)

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं जेवण कमी झालं की बहुतेक घरांत एकच उपाय सुचतो: रोज एक उकडलेलं अंडं द्या. विचार चांगला आहे, पण अंडं उकडायची ही पद्धत त्या तोंडासाठी नाही. दहा-बारा मिनिटं उकळलेलं पांढरं रबरासारखं चिवट होतं. सैल कवळीनं ते चावलं जात नाही, नुसतं घोळत राहतं. बलकाचा कोरडा भुगा होतो आणि लाळ कमी असलेल्या तोंडात तो टाळूला चिकटून बसतो. मग माणूस वरून घटाघट पाणी पितो आणि ठसका लागतो. अंड्याचा रस्सा दिला तरी अडचण सुटत नाही. पातळ रस्सा आधी घशात उतरतो आणि फोडी तोंडातच राहतात. ज्यांचं गिळणं मंदावलंय त्यांना असा दोन जातींचा घास सगळ्यात अवघड जातो.

(दृश्य: पलंगाच्या कडेला बसलेल्या आजी.)

या घरातल्या आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. वजन 44 किलो. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी चतकोर भाकरी आमटीत कुस्करून, रात्री दोन घास भात. उतारवयात स्नायू टिकवायचे तर किलोमागे रोज साधारण 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे आजींना रोज 44 ते 53 ग्रॅम. त्यांच्या ताटातून याच्या निम्मीही मिळत नाहीत. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात. त्यामुळे प्रश्न दोनच उरतात: ते अंडं घशाखाली कसं उतरवायचं आणि त्याच चार घासांत अजून काय बसवायचं.

सूनबाईंनी शोधलेली वाट म्हणजे वाफवलेलं अंडं. पोत थेट खरवसाचा, फक्त गोडाऐवजी खारट.

(दृश्य: हात, भांडं, गाळणी.)

एक अंडं फोडून काट्यानं हलकेच मोडायचं. फेस येईल असं फेटायचं नाही, कारण आत अडकलेली हवा पुढे भोकं पाडते. अंड्याच्या दुप्पट, म्हणजे साधारण 100 मिलिलिटर कोमट सायीचं दूध घ्यायचं. त्यात एक मोठा चमचा दूध पावडर गुठळी न राहता विरघळवायची. दूध कडकडीत गरम असेल तर अंडं वाटीतच फाटतं. मीठ घालून हे सगळं चहाच्या गाळणीतून गाळायचं. गाळणीत जे राहतं ते पांढऱ्याचे चिवट दोरे. ते घशात अडकतात, म्हणून ही पायरी गाळू नका, अंडं गाळा.

मिश्रण दोन छोट्या वाट्यांत ओतून वर ताटली झाकायची, नाहीतर झाकणाचं पाणी आत ठिबकतं. कढईत तळाला कडी ठेवून वाट्या तिच्यावर ठेवायच्या, पाणी वाटीच्या निम्म्यापर्यंत घ्यायचं. आता खरी गोष्ट आचेची. अंडं दुधात मिसळलेलं असलं की साधारण 80 अंशांच्या आसपास धरायला लागतं आणि त्यापुढे फार तापलं की आवळून पाणी सोडतं. म्हणून पाणी खदखदू द्यायचं नाही, नुसतं थरथरलं पाहिजे. कढईचं झाकण बोटभर तिरकं ठेवायचं. कुकरची शिट्टी इथे नको, तिनं अंड्याचं फडकं होतं.

बारा ते पंधरा मिनिटांनी वाटीला टिचकी मारून बघायची. कडा धरलेल्या असतात आणि मधोमध थरथर दिसते. सुरी मध्यभागी घातली तर ओलसर पण स्वच्छ बाहेर आली पाहिजे. पातळ अंडं लागून आलं तर अजून तीन मिनिटं. मऊ म्हणजे अर्धकच्चं नव्हे. कच्च्या अंड्यातल्या साल्मोनेला जंतूंचा त्रास तरुणाला काही दिवस होतो, म्हाताऱ्या माणसाला तो दवाखान्यात नेऊ शकतो.

(दृश्य: दोन वाट्या शेजारी. एक गुळगुळीत, दुसरीत जाळी आणि कडेला पाणी.)

दुसरी वाटी मोठ्या आचेवर केलेली. जाळी पडली, पाणी सुटलं. चवीला ही वाईट नाही, घरातलं दुसरं कोणीही खाईल. आजींना मात्र नको, कारण चमच्यात आलेलं ते सुटं पाणी अंड्याच्या आधी घशात धावतं.

परीक्षा सोपी आहे. चमचा भरायचा आणि तिरका करायचा. घास आकार धरून राहतो आणि मग एकदम घसरून पडतो, चमच्याला फारसा चिकटत नाही, तर तो बरोबर.

आता चव. आजींचा पहिला शेरा होता, "ह्यात तिखट काय हाय का न्हाय?" वय वाढलं की वास आणि चव दोन्ही बोथट होतात, त्यामुळे सपक अन्न आणखीच सपक लागतं. पण वरून कोथिंबीर, मोहरी, जिऱ्याची फोडणी दिली तर तेच कण घशात टोचतात. सूनबाई चमचाभर तूप तापवून त्यात लसूण आणि चिमूटभर कांदा-लसूण मसाला टाकतात, मग गॅस बंद करून ते तूप गाळून वाटीवर सोडतात. रंग, वास, तिखटपणा सगळं तुपात उतरतं, चोथा गाळणीत राहतो. शिवाय कमी खाणाऱ्या माणसाला चमचाभर तूप म्हणजे चाळीसेक कॅलरी फुकटात.

अंडं, दूध, पावडर मिळून दोन वाट्यांत अकरा-बारा ग्रॅम प्रथिनं होतात. एक वाटी अकरा वाजता, दुसरी चारला, आणि चहाच्या आधी. चहानं पोट भरलं की वाटी तशीच राहते. चारची वाटी तोवर फ्रिजमध्ये झाकून ठेवायची आणि वाफेवर पुन्हा नीट गरम करायची. दुसऱ्या दिवसासाठी उरवायची नाही.

शेजारीपाजारी सांगतात, बलक काढून नुसतं पांढरं द्या. वजन उतरत चाललेल्या माणसाला हा सल्ला उलटा पडतो. अंड्याच्या सत्तरेक कॅलरींपैकी पांढऱ्यात जेमतेम सतरा, बाकी सगळ्या बलकात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनं किती द्यायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

(दृश्य: कढईत मऊ भुर्जी.)

रोज तेच नको वाटलं की भुर्जी. गाडीवरची नव्हे, ती सुटी, कोरडी आणि टोमॅटोच्या सालीनं भरलेली असते. पारशी घरांतल्या आकुरीच्या वळणावर जायचं: तुपात मंद आच, दोन चमचे दूध, सतत ढवळणं, आणि पातळ अंडं दिसेनासं झालं की ओलसर असतानाच उतरवायची. सोमवार, गुरुवार, श्रावण असेल तर मऊ पनीर दह्यात घोटून.

(दृश्य: खुर्चीत ताठ बसलेल्या आजी, समोर वाटी.)

"आई, जरा सरळ बसा." आडवं पडून खायचं नाही. पाठ टेकलेली, हनुवटी किंचित खाली, छोट्या चमच्यानं एक घास, तो गिळल्यावरच पुढचा. खाऊन झाल्यावर अर्धा तास बसून राहायचं.

इतकं मऊ करूनही घासागणिक खोकला येत असेल, जेवल्यावर आवाज घोगरा, ओला येत असेल, गालात अन्न साठत असेल किंवा छातीत वारंवार कफ होत असेल, तर पाककृती बदलत बसू नये. डॉक्टरांकडे जावं आणि गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टचं नाव त्यांच्याकडूनच मागून घ्यावं.