एकूण घसरलं, मग दोन्ही ओळी वर कशा?

पडद्यावर ही शीट दिसतेय बघा. चौदा कॉलम, खाली बारीक अक्षरात तीन टिपा, आणि सगळ्यात शेवटी ठळक केलेली "एकूण" ओळ. उद्या हे बोर्डसमोर बोलायचंय आणि त्यासाठी मिळालीयत दोन मिनिटं. दोन मिनिटांत सावकाश बोलून जेमतेम सव्वादोनशे-अडीचशे शब्द होतात, म्हणजे शीट वाचून दाखवायचा विषयच नाही.

उदाहरण सोपं घेऊ. वर्गणी भरून सेवा घेणारे ग्राहक आहेत आणि टेबल आहे रिन्यूअलचं. गेल्या वर्षी जुने ग्राहक ८००, त्यातल्या ७२० जणांनी रिन्यू केलं, म्हणजे ९० टक्के. नवे २००, त्यातले १२० थांबले, म्हणजे ६० टक्के. या वर्षी जुने ६००, थांबले ५५२, म्हणजे ९२ टक्के. नवे पण ६००, थांबले ३९०, म्हणजे ६५ टक्के.

आता एकूण बघा. गेल्या वर्षी हजारातले ८४० म्हणजे ८४ टक्के, या वर्षी बाराशेतले ९४२ म्हणजे ७८.५ टक्के. जुन्यांचा आकडा वर गेला, नव्यांचा पण वर गेला, आणि एकूण मात्र खाली आलं!

पहिल्या मसुद्यात हमखास काय लिहिलं जातं, तर "रिन्यूअल ८४ वरून ७८.५ टक्क्यांवर घसरलं, जुन्या ग्राहकांत ९२ आणि नव्यांत ६५ टक्के नोंद झाली". एकही आकडा चुकीचा नाही, पण ऐकणाऱ्याला वाटतं सगळीकडेच घसरण झालीय, आणि कागद हातात असता तर तो वरच्या ओळीकडे परत गेला असता, कानाने ऐकताना मागे जाता येत नाही ना. म्हणून मी टेबलच्या क्रमाने बोलायच्या विरोधात आहे. आधी काय झालं ते सांगायचं, मग ते कशामुळे तसं दिसतंय ते, आणि आकडे त्या वाक्यांच्या आधाराला, एका वाक्यात नवा आकडा शक्यतो एकच.

इथे खरी गोष्ट कॉलममध्ये नाहीये, ती दोन गटांच्या वाट्यात आहे. गेल्या वर्षी पाचात एक ग्राहक नवा होता, या वर्षी निम्मे नवे आहेत, आणि नवे पहिल्यापासूनच कमी थांबतात, म्हणून सरासरी त्यांच्याकडे ओढली गेली. हे खरंच तसं आहे का ते तपासायची पद्धत सोपी आहे, या वर्षीचे दर घ्यायचे आणि गेल्या वर्षीचा वाटा लावायचा. ९२ चे ८० टक्के, अधिक ६५ चे २० टक्के, उत्तर येतं ८६.६. म्हणजे वाटा तोच राहिला असता तर एकूण आकडा ८४ च्या वर गेला असता.

मग स्क्रिप्ट अशी होते, आणि हो, आकडे तोंडाने म्हणतो तसेच अक्षरात लिहायचे:

"आपलं एकूण रिन्यूअल साडेपाच पॉइंटांनी खाली आलंय. पण जुने आणि नवे, दोन्ही गट गेल्या वर्षीपेक्षा जास्त टिकले. फरक पडला तो गर्दीत. गेल्या वर्षी पाचात एक ग्राहक नवा होता, आज दोनात एक आहे. आणि नव्यांमधले शंभरातले पासष्टच थांबतात."

"साडेपाच पॉइंट" मुद्दाम लिहिलंय. ८४ चा ७८.५ झाला तर फरक साडेपाच पॉइंटांचा, पण मूळ आकड्याच्या मानाने घसरण साधारण साडेसहा टक्के. नुसतं "साडेपाच टक्क्यांनी घसरलं" म्हटलं की कोणीतरी थांबवून विचारणार आणि दोन मिनिटं तिथेच संपणार. उच्चारही तपासा, एकोणसाठ आणि एकोणसत्तर घाईत सारखेच ऐकू येतात, तिथे "साठला एक कमी" म्हटलं तरी चालतं.

तळटिपांपैकी एकच आत घ्यायची, "नवा" म्हणजे एका वर्षाच्या आतला ग्राहक, कारण तिच्याशिवाय अख्खं वाक्यच लटकतं. बाकीच्या दोन टिपा आणि पूर्ण टेबल हातात द्यायच्या कागदावर.

शेवटी टेबल न पाहिलेल्या माणसाला स्क्रिप्ट एकदाच वाचून दाखवायची आणि विचारायचं, काय झालं ते तुझ्या शब्दात सांग. तो "रिन्यूअल पडलं" एवढंच म्हणाला तर दुसरं वाक्य नीट पोचलेलं नाही, ते आणखी पुढे आणायचं. आणि "मग नवे सोडून का जातात?" असं त्याने विचारलं, तर त्याचं उत्तर या टेबलमध्ये नाहीये, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये "कारण" हा शब्द तिथे घुसवायचा नाही, सरळ एक वाक्य जोडायचं: "ते का जातात हे या आकड्यांवरून कळत नाही, त्यासाठी सोडून गेलेल्यांशी बोलावं लागेल."