दोनदा गेलेली ऑर्डर आणि ब्रोकरला लिहायचं पत्र

स्क्रिप्टने पाठवलेली शेअरची ऑर्डर दोनदा गेली, म्हणून ब्रोकरला ‘ऑर्डर दोनदा पडली, पैसे परत करा’ असं पत्र लिहिलंत, तर उत्तर ठरलेलं असतं: दोन्ही ऑर्डर तुमच्याच एपीआय कीवरून आल्या. आणि ते खरंही असतं. म्हणून पत्र लिहिण्याआधी स्वतःचा लॉग उघडा आणि कनेक्शन नेमकं कुठं तुटलं ते बघा.

पायथॉनच्या स्क्रिप्टमध्ये `ConnectTimeout` दिसला, तर जोडणीच झाली नाही, म्हणजे ऑर्डर गेलीच नाही. `ReadTimeout` दिसला, तर ऑर्डर बहुधा पोचली, फक्त पोच मिळाली नाही. सगळा घोळ या दुसऱ्या प्रकारात होतो. अशा वेळी स्क्रिप्टने काहीही न तपासता पुन्हा ऑर्डर पाठवली असेल, तर चूक आपली. तिथं भांडू नये.

पण समजा असं झालं. सकाळी ९:२०:०४ ला ५०० शेअरची खरेदी पाठवली. सात सेकंद उत्तर नाही. ९:२०:१२ ला स्क्रिप्टने ऑर्डर बुक मागवलं, ते रिकामं आलं. ९:२०:१३ ला पुन्हा ऑर्डर गेली. नंतर पाहिलं तर दोन्ही भरलेल्या, आणि पहिलीवर एक्स्चेंजची वेळ ९:२०:०५. म्हणजे ऑर्डर एक्स्चेंजवर पोचून सात सेकंद झाले होते आणि ब्रोकरचं ऑर्डर बुक ती दाखवत नव्हतं. आपली तक्रार दुसऱ्या ऑर्डरची नाहीच, या रिकाम्या बुकाची आहे. पत्रात हेच पहिल्या परिच्छेदात यावं:

‘पहिली ऑर्डर ९:२०:०५ ला एक्स्चेंजवर नोंदली गेली. ९:२०:१२ ला आपल्या सर्व्हरने दिलेल्या ऑर्डर बुकात ती नव्हती. त्या उत्तरावर विसंबून दुसरी ऑर्डर पाठवली गेली. या तिन्ही विनंत्या आपल्या सर्व्हरला कधी मिळाल्या आणि उत्तरं कधी निघाली, त्याची नोंद द्यावी.’

सोबत दोन्ही ऑर्डर क्रमांक, एक्स्चेंजचे ऑर्डर क्रमांक, कॉन्ट्रॅक्ट नोट आणि लॉगच्या मूळ ओळी जोडा. त्या रिकाम्या उत्तराचा मजकूर लॉगमध्ये जसाच्या तसा हवा. ‘ऑर्डर सापडली नाही’ एवढीच ओळ छापणारी स्क्रिप्ट इथं कामाची नाही. लॉगमधून एपीआय की आणि टोकन मात्र आधी खोडा. आणि आपल्या मशीनचं घड्याळ आठ सेकंद पुढं असेल, तर हा सगळा हिशेब कोसळतो, तेव्हा तेही तपासून घ्या.

रक्कम मोजताना हात आखडता ठेवा. जादा ५०० शेअर ४१२.४० ला आले, चूक कळताच ४०९.१० ला विकले: ३.३० गुणिले ५००, म्हणजे १,६५० रुपये, अधिक त्या दोन सौद्यांची दलाली व कर. बस. तोटा दिसत असताना शेअर भाव सुधारेल म्हणून तासभर धरून ठेवले, तर त्या तासाचा तोटा ब्रोकर मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे. सौदा रद्द करा, असंही लिहू नका. एक्स्चेंजवर झालेला सौदा ब्रोकर आपल्या अधिकारात मागे घेऊ शकत नाही.

पत्र ब्रोकरच्या तक्रार निवारणाच्या ईमेलवर पाठवा आणि तक्रार क्रमांक घ्या. समाधान झालं नाही तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर जाता येतं. तिथं ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि तिथंही हेच पत्र, हीच जोडपत्रं लागतात.