कन्येचा शुक्र आणि वीस वर्षं

शुक्राची महादशा, म्हणजे शुक्राच्या अमलाची वीस वर्षं, लागली की घर होणार, गाडी येणार, लग्न जमणार, असं आपल्याकडे सरसकट बोललं जातं. आणि पत्रिकेत शुक्र कन्या राशीत दिसला की हेच लोक मान हलवून म्हणतात, "नीचेचा आहे हो, वीस वर्षं ओढाताणीची." दोन्ही विधानं अर्धवट आहेत. ती कशी, हे आज मी एकाच पत्रिकेवरून दाखवणार आहे.

मागे एक बाई मुलीची पत्रिका घेऊन आल्या होत्या. मुलगी बावीस वर्षांची. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की शुक्र नीच आहे, त्यात महादशाही त्याचीच चालू आहे, तेव्हा मुलीचं काही खरं नाही. बाई फार घाबरल्या होत्या. पत्रिका अशी होती : कोजागिरीच्या आदल्या दिवशी, ऑक्टोबरच्या शेवटी, दुपारी बाराच्या सुमारास जन्म. मकर लग्न. शुक्र कन्येत 18 अंशांवर, म्हणजे नवमात. रवी तुळेत 10 अंशांवर आणि बुध तुळेत 25 अंशांवर, दोघेही दशमात. चंद्र मीनेत 20 अंशांवर, रेवती नक्षत्रात. अंश सोपे व्हावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

आधी दशा काढू. जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात, त्याच्या स्वामीची दशा पहिली. रेवती बुधाचं नक्षत्र, बुधाची वर्षं 17. रेवती मीनेच्या 16 अंश 40 कलांना सुरू होते, म्हणजे चंद्रानं 3 अंश 20 कला ओलांडल्या. नक्षत्र 13 अंश 20 कलांचं, म्हणजे पाव भाग गेला. पाऊण भाग उरला, त्याची 12 वर्षं 9 महिने. पुढे केतूची 7. म्हणजे शुक्र लागला 19 वर्षं 9 महिन्यांनी आणि तो संपणार 39 वर्षं 9 महिन्यांनी. शिक्षण संपण्यापासून संसार स्थिरावण्यापर्यंतचा सगळा काळ शुक्राकडे आहे. हे वय लक्षात ठेवा, कारण कृत्तिकेवर जन्मलेल्याला शुक्राची महादशा नव्वदी ओलांडल्यावर येते. त्याच्या पत्रिकेतला शुक्र कितीही बलवान असला तरी महादशा म्हणून तो बहुधा भोगायलाच मिळत नाही.

आता शुक्राकडे वळू. शुक्र मीनेत 27 अंशांवर परमोच्च आणि कन्येत 27 अंशांवर परम नीच. राशीनं तो दुबळा आहे, हे मान्यच करायला हवं. कन्या ही मोजूनमापून घेणारी, चुका शोधणारी रास. शुक्राला हवं असतं सौंदर्य आणि जवळीक. तो इथे आला की माणूस चोखंदळ होतो, नात्यातसुद्धा हिशेब मांडतो. पण हाच शुक्र बारीक कामात फार चांगला चालतो : भरतकाम, रेखाटन, कापडाची पारख, हिशेबनिसाची शिस्त. नीच म्हणजे निरुपयोगी नव्हे. तो परक्या शिस्तीत राहतो, एवढंच.

पण रास ही निम्मी गोष्ट झाली. मकर लग्नाला शुक्र पंचमाचा आणि दशमाचा स्वामी, म्हणजे योगकारक, या लग्नाला विशेष शुभ फळ देणारा. तो बसला आहे नवमात, भाग्यस्थानी. आणि इथे खरी गंमत आहे : शुक्र बुधाच्या राशीत आणि बुध शुक्राच्या राशीत. हा परिवर्तन योग झाला, तोही भाग्येश आणि कर्मेश यांच्यातला. शिवाय नीच राशीचा स्वामी बुध केंद्रात असल्यामुळे नीचभंगही होतो, म्हणजे नीचपणाचा दोष फिटतो. ज्या पत्रिकेकडे बघून त्या बाईंना घाबरवलं गेलं, ती कामधंद्याच्या दृष्टीनं उत्तम पत्रिका होती. नात्यांच्या बाबतीत उशीर, निवडीत काथ्याकूट, हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही.

आता स्थानाचा प्रभाव पाहायचा तर दुसरी पत्रिका मांडू. ही कुणाची नाही, मी तुलनेसाठी केली आहे. तोच दिवस, तेच गाव, फक्त जन्म सूर्यास्ताच्या वेळी. लग्न झालं मेष. शुक्र कन्येतच, अंश जवळजवळ तेच, बुध तुळेतच. नीचभंगसुद्धा होतो, कारण तूळ आता सप्तमात आली आणि तेही केंद्रच. पण शुक्र आता द्वितीय आणि सप्तमाचा स्वामी होऊन षष्ठात गेला. परिवर्तन आहेच, मात्र ते षष्ठेश आणि सप्तमेश यांच्यातलं. याला दैन्य परिवर्तन म्हणतात. जोडीदाराचं घर आणि रोग, ऋण, शत्रू यांचं घर एकमेकांत गुंतलं. भागीदारीत कर्ज, लग्नात वाद, जोडीदाराच्या तब्येतीची काळजी, असे विषय या वीस वर्षांत पुन्हापुन्हा वर येतात. आणि तरीही षष्ठ हे नोकरीचं स्थान आहे. हा माणूस हॉटेलात, कापडाच्या कारखान्यात किंवा दवाखान्यात नोकरी करील तर त्याचं चांगलं चालेल. स्वतःचं दुकान भागीदारीत काढेल तिथे मी त्याला थांबवीन. द्वितीय-सप्तमाचा स्वामी म्हणून शुक्राला इथे मारकेश म्हणतात. तो शब्द ऐकून मृत्यूचं भाकीत करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

वीस वर्षं एकसारखी जात नाहीत. त्यांत एकेका ग्रहाचा पोटकाळ येतो, त्याला अंतर्दशा म्हणतात. शुक्रात शुक्र 3 वर्षं 4 महिने, मग रवी, चंद्र, मंगळ, राहू, गुरू, शनी, आणि बरोबर 16 वर्षांनी बुधाची अंतर्दशा लागते, 2 वर्षं 10 महिन्यांची. आपल्या दोन्ही पत्रिकांत परिवर्तन शुक्र-बुधाचं, म्हणून गाठ याच काळात सुटते किंवा घट्ट होते. मकर लग्नाच्या मुलीला तो काळ 35 वर्षं 9 महिन्यांपासून. मेष लग्नाला चंद्र सहा तासांत पुढे सरकल्यामुळे शुक्र 15 वर्षं 6 महिन्यांनीच लागतो, म्हणून बुध साडेएकतिसाव्या वर्षी. सहा तासांच्या फरकानं महादशा सव्वाचार वर्षं अलीकडे आली आणि विषयही बदलला.

राहिला पंचांगाचा प्रश्न, आणि इथे भल्याभल्यांचं गणित चुकतं. दाते पंचांग चित्रापक्षाचं, टिळक पंचांग रैवतपक्षाचं. दोघं राशीचक्राचा आरंभ वेगळ्या जागी धरतात, म्हणून दोघांच्या अयनांशात सुमारे 4 अंशांचा फरक आहे. टिळक पंचांगानं याच मुलीचा चंद्र 24 अंशांवर जातो, बुधाची शिल्लक 7 वर्षं 8 महिने उरते आणि शुक्र 14 वर्षं 8 महिन्यांनी लागतो. पाच वर्षांचा फरक! म्हणून मी भविष्य सांगण्याआधी मागचं विचारतो. बाईंना विचारलं, "मुलीच्या आयुष्याचं वळण कधी बदललं? पंधराव्या वर्षाच्या आसपास की विसाव्या?" त्या लगेच म्हणाल्या, "पंधराव्याला काहीच नाही. एकोणीस संपून विसावं सरता सरता तिनं विज्ञान सोडलं आणि वस्त्ररचनेला प्रवेश घेतला. घरात केवढं रडणं झालं." मी दाते पंचांगाची दशा धरून पुढे बोलायला लागलो.