उशीर तोच, चौकोन वेगळे

नमस्कार श्रोतेहो. नऊ चौकोनांचा तो तक्ता तुम्ही फोनवर पाहिला असेलच. आडवं गेलं की लॉफुल, न्यूट्रल, केऑटिक. म्हणजे नियमाने चालणारा, मधला आणि नियम न जुमानणारा. खाली उतरलं की गुड, न्यूट्रल, इव्हिल. हा तक्ता ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं रंगवायच्या खेळातला, पात्राचा स्वभाव कोणत्या चौकोनात बसतो ते सांगणारा. १९७४ साली त्यात नियम ते बेबंदपणा ही एकच पट्टी होती. भल्याबुऱ्याची पट्टी मागाहून आली आणि १९७८च्या नियमपुस्तकात चौकोन नऊ झाले.

पट्ट्या दोन आहेत, दोन. चुकतं ते इथेच. आता लोक गंमत म्हणून ओळखीच्यांनाही या चौकोनांत बसवतात. निरोपाला उशिरा उत्तर देणाऱ्यांचा असा तक्ता करताना ते पाच मिनिटांत उत्तर देणाऱ्याला वर डावीकडे बसवतात, आठवड्याने देणाऱ्याला खाली उजवीकडे. ही झाली तासांची एकच तिरकी पट्टी. खूण सांगतो: लॉफुल इव्हिल आणि केऑटिक गुड हे दोन कोपरे भरताना हात अडतो.

आता समजा, एकीने संध्याकाळी सहाला गटावर विचारलं, “रविवारी नाटकाला कोण कोण येणार? रात्री दहाच्या आत तिकिटं काढायची आहेत.” पाच जणांची उत्तरं आली, पाचही नऊ वाजता. उशीर सगळ्यांचा तीन तास.

पहिली रोज नऊलाच निरोप बघते आणि हे तिने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय. लॉफुल गुड. दुसऱ्याने विचारणारीची धावपळ वाचावी म्हणून कुणालाही न विचारता सहा तिकिटं काढली आणि मग कळवलं. केऑटिक गुड. तिसऱ्याचं “नाही” सव्वासहालाच ठरलं होतं. पण मुदत दहाची आहे ना, मग बसू दे तिला वाट बघत, म्हणून त्याने ते दाबून ठेवलं. नियम पाळला, त्रासही दिला. लॉफुल इव्हिल. चौथी दुसरीकडचं आमंत्रण येतंय का ते पाहत थांबली आणि शेवटी लिहिलं, “बघू.” न्यूट्रल इव्हिल. हे “बघू” मला उत्तर वाटतच नाही. त्यापेक्षा कोरडं “नाही” शंभर पटींनी बरं, त्यावर निदान तिकिटांचा आकडा तरी ठरतो.

आणि पाचवा झोपला होता. त्याला सर्रास मधल्या चौकोनात, ट्रू न्यूट्रलमध्ये टाकतात. तसं करू नका. त्याने काही निवडलंच नाही. खेळाच्या २०१४च्या आवृत्तीत, ज्यांना अशी निवड करता येत नाही त्या प्राण्यांसाठी ‘अनअलाइन्ड’ असा तक्त्याबाहेरचा शेरा आहे. झोपलेल्याला तोच द्या.

म्हणजे घड्याळ बाजूला ठेवून दोनच प्रश्न विचारायचे: यात नियम कोणता होता, आणि भुर्दंड कुणाच्या माथी आला? जेवण मागवतानाही हेच. किती वेळ यादी चाळली ते सोडा. सगळ्यांची आवड विचारली का, आणि बिल कुणावर ढकललं, तेवढं बघा.