अंगणावरचं तिरकं कापड

अंगणावर उन्हाळ्यासाठी एक त्रिकोणी शेडनेट ताणायचं आहे. एक टोक घराच्या भिंतीला, जमिनीपासून ६ मीटरवर. दुसरं एका खांबाला, ४ मीटरवर. तिसरं दुसऱ्या खांबाला, ३ मीटरवर. टोकांना अ, ब, क म्हणू. प्रश्न साधा आहे: नेट किती चौरस मीटरचं घ्यायचं?

जमिनीवर मोजणं सोपं. भिंतीच्या पायथ्याशी शून्य धरलं, तर ब चा खांब सरळ ४ मीटरवर आहे. क चा खांब त्याच दिशेने २ आणि आडवा ६ मीटरवर. जमिनीवरच्या त्रिकोणाचा पाया ४, उंची ६, म्हणून क्षेत्रफळ १२. पण नेट जमिनीवर पसरलेलं नाही, ते तिरकं आहे.

बाजूंची लांबी काढून हेरॉनचं सूत्र वापरता येईल. पण बाजू येतात २० चं वर्गमूळ, ७ आणि ४१ चं वर्गमूळ. पुढची आकडेमोड नकोशी होते. क्रॉस प्रॉडक्ट म्हणजे दोन सदिशांचा असा गुणाकार, ज्यातून तिसरा सदिश मिळतो. त्याला लांबीही लागत नाही आणि कोनही लागत नाही.

(दृश्य: अ पासून ब आणि क कडे जाणारे दोन बाण)

अ हे टोक मूळ धरून दोन सदिश काढू. ब मधून अ वजा केला की मिळतो u, क मधून अ वजा केला की v. घटकांचा क्रम सरळ, आडवं, उंची असा.

u = (४, ०, −२)
v = (२, ६, −३)

ही वजाबाकी टाळून ब आणि क चे निर्देशक थेट गुणले, तर उत्तर येतं खरं, पण ते भिंतीच्या पायथ्यापासून काढलेल्या वेगळ्याच त्रिकोणाचं. त्यात अ कुठेच नसतो.

आता गुणाकार. प्रत्येक घटक काढताना त्याची स्वतःची जागा झाकायची आणि उरलेल्या दोन जागांचे तिरपे गुणाकार करून वजाबाकी करायची. फक्त दुसऱ्या घटकात वजाबाकीचा क्रम उलटा.

पहिला: ०×(−३) − (−२)×६ = १२
दुसरा: (−२)×२ − ४×(−३) = ८
तिसरा: ४×६ − ०×२ = २४

वर्गांची बेरीज १४४ + ६४ + ५७६, म्हणजे ७८४. वर्गमूळ २८. u आणि v या बाजूंवर उभ्या राहणाऱ्या समांतरभुज चौकोनाचं हे क्षेत्रफळ. त्रिकोण त्याच्या निम्मा: १४ चौरस मीटर. जमिनीवरच्या मापापेक्षा २ जास्त.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती त्या तीन घटकांत दडलेली आहे. त्यांना निम्मं करा: ६, ४, १२. यातला १२ आपण आधीच पाहिला, तो भर माध्यान्ही डोक्यावरून पडणाऱ्या सावलीचा. ६ आणि ४ या त्याच त्रिकोणाच्या दोन उभ्या भिंतींवर पडणाऱ्या सावल्या. आणि ३६ + १६ + १४४ = १९६, म्हणजे १४ चा वर्ग. कर्णाच्या वर्गाचा नियम इथे लांबीऐवजी क्षेत्रफळांना लागू होतो.

(दृश्य: तीन प्रतलांवर एकामागून एक उमटणाऱ्या सावल्या)

चूक बहुतेक वेळा दुसऱ्या घटकात होते. ऋण चिन्ह निसटलं की ८ ऐवजी −१६ येतात आणि नेट १५.६ चौरस मीटरचं भासतं. आकडा पटण्यासारखा असल्यामुळे संशयही येत नाही. पडताळा मात्र सोपा आहे: क्रॉस प्रॉडक्ट दोन्ही बाजूंना लंब असतो, म्हणून त्याचा प्रत्येक बाजूशी डॉट प्रॉडक्ट, म्हणजे घटकाला घटक गुणून केलेली बेरीज, शून्य यायला हवा. u शी ४८ − ४८, शून्य. v शी २४ + ४८ − ७२, शून्य. पडताळा दोन्ही बाजूंशी घ्यायचा. इथे u चा मधला घटक शून्य आहे, त्यामुळे −१६ ची चूक u ला दिसतच नाही. ती v पकडतो, कारण तिथे −१४४ येतात.

आता नेट चौकोनी असेल तर? समांतरभुज चौकोन पुरा करायचा, तर चौथं टोक जमिनीपासून अवघ्या १ मीटरवर येतं. तिथून कोणी वाकूनही जाणार नाही. म्हणून खांब तिथेच ठेवून टोक ३ मीटरवर बांधलं, की चार टोकं एका प्रतलात राहत नाहीत आणि २८ हे उत्तर लागू पडत नाही. मग चौकोनाचे दोन त्रिकोण करावे लागतात. ब-क या कर्णावर दुमडला तर बेरीज सुमारे २६.१७ येते; दुसऱ्या कर्णावर दुमडला तर २६.८३. ताणलेलं कापड यांपैकी कुठल्याच घडीवर दुमडत नाही, ते वक्र होतं. त्यामुळे हे दोन्ही आकडे अंदाजच. नेट विकत घेताना मोठा आकडा धरावा आणि कडा दुमडून शिवण्यापुरतं त्यावर आणखी घ्यावं.