आड्डा: एका बंगाली शब्दाचा पत्ता

[पडद्यावर: मराठी वर्तमानपत्राचं पान. मथळ्यातल्या एका शब्दावर कॅमेरा थांबतो.]

'जुगार अड्ड्यावर छापा.' मराठीत 'अड्डा' हा शब्द बहुतेक वेळा असाच भेटतो, पोलिसांच्या सोबतीने. जुगाराचा अड्डा, दारूचा अड्डा, गुंडांचा अड्डा. एखाद्या आईला शेजारणीने सांगितलं, 'तुमचा मुलगा अड्ड्यावर दिसला,' तर तिच्या पोटात गोळाच येईल.

कोलकात्यातली आई मात्र तेच वाक्य स्वतःहून सांगते. 'छेले आड्डा दिते गेछे.' मुलगा आड्डा द्यायला गेलाय. आवाजात थोडी कुरकुर असते, कारण जेवण गार होणार हे तिला ठाऊक असतं. पण भीती नसते.

शब्द एकच आहे. बंगालीतही त्याला जुना, बदनाम अर्थ होता आणि आहे. गांजाचा आड्डा, चोरांचा आड्डा. म्हणजे सुरुवात तिथेही आपल्यासारखीच झाली: काही माणसांची नेहमी जमायची जागा. पुढे बंगालीत या जागेचं नाव जमलेल्या माणसांना मिळालं आणि मग त्यांच्या बोलण्यालाही. आज बंगाली माणूस आड्डा म्हणतो तेव्हा त्यात तिन्ही गोष्टी असतात: ठिकाण, टोळकं आणि बोलणं. म्हणून 'आड्डा म्हणजे गप्पा' हे भाषांतर अपुरं पडतं. गप्पा आपण रेल्वेत अनोळखी माणसाशीही मारतो. आड्ड्याला तीच माणसं लागतात, पुन्हा पुन्हा.

क्रियापदं पाहिली की हे आणखी उलगडतं. आड्डा 'मारतात', हे आपल्या गप्पा मारण्यासारखंच. पण आड्डा 'देतात'सुद्धा. आणि आड्डा 'जमतो'. बंगालीत दही जमतं तसा. हे फार नेमकं वाटतं. दही लावून सारखं हलवत राहिलं तर ते लागत नाही. आड्डाही कुणी विषयपत्रिका घेऊन बसला की बिघडतो. बैठक बोलावता येते, आड्डा बोलावता येत नाही.

[पडद्यावर: उत्तर कोलकात्यातली गल्ली. जुन्या घराच्या दारालगतचा दगडी ओटा.]

हा रोयाक. बोलताना नुसतं 'रक'. रस्त्याच्या कडेला, घराच्या भिंतीला लागून बांधलेला उंच ओटा. आपला कट्टाच म्हणा ना! पण एक फरक आहे. दादरला शिवाजी पार्कचा कट्टा मैदानाचा. तिथे बसायला कुणाची परवानगी लागत नाही. रक मात्र कुणाच्या तरी घराचा असतो. खिडकीच्या आत घरमालक वामकुक्षी घेतोय आणि खिडकीखाली पाड्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, पोरं मोहनबागान आणि ईस्ट बंगाल या फुटबॉल क्लबांवरून भांडतायत. तो ओरडतो, कधी पाणीही टाकतो, पण ओटा तोडत नाही. रकवरचा आड्डा या सोसण्यावर उभा होता. नारायण गंगोपाध्याय यांच्या गोष्टींमधला टेनिदा आपल्या तीन दोस्तांसह बसतो तोही चॅटर्जींच्या रकवर, स्वतःच्या नव्हे.

रकवर बसणाऱ्याला 'रकबाज' म्हणतात, आणि ही शिवी आहे. 'आड्डाबाज' मात्र निम्मी शिवी आणि निम्मं कौतुक. बायको म्हणाली तर शिवी, मित्र म्हणाला तर पदवी.

आता पैशाकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. आड्ड्याच्या आधीचा शब्द 'मजलिस'. जमीनदाराचा किंवा बड्या बाबूचा बैठकखाना, म्हणजे दिवाणखाना. गाणं, पान, हुक्का, सगळा खर्च यजमानाचा. मग त्याच्या विनोदाला हसणंही आलंच. इतिहासकार दीपेश चक्रवर्ती यांनी हा भेद नेमका धरलाय: मजलिशीला आश्रयदाता असतो, आड्ड्यात ज्याचा चहा त्याने प्यायचा, पैसे त्यानेच द्यायचे. चहाचे पैसे स्वतः दिले की समोरच्याला 'तुझं चुकतंय' म्हणायची मोकळीक मिळते.

[पडद्यावर: कॉलेज स्ट्रीट, कॉफी हाउस. उंच छत, वरचा सज्जा, पगडीवाले वाढपी.]

ही मोकळीक सगळ्यात स्वस्तात मिळाली ती इथे. ही वास्तू म्हणजे १८७६ सालचा अल्बर्ट हॉल. १९४२मध्ये इथे कॉफी हाउस आलं. आजूबाजूला प्रेसिडेन्सी कॉलेज, विद्यापीठ आणि पुस्तकांची दुकानं. दूध नसलेल्या काळ्या कॉफीला इथे 'इन्फ्यूजन' म्हणतात. एका कपावर तासन्‌तास बसा, वाढपी उठवायला येत नाही. खिशात मोजके पैसे असलेल्या कवीला यापेक्षा मोठा आश्रय कोणता? आणि या आश्रयाचे आभारही मानायला नकोत.

एक आड्डा जरा जवळून पाहू. १९१५च्या सुमाराची गोष्ट. इंग्लंडहून छपाईचं शिक्षण घेऊन परतलेले विनोदी लेखक-कवी सुकुमार राय मित्रांना दर सोमवारी जमवू लागले. नाव पडलं 'मंडे क्लब'. पण खाणं इतकं चोख की लोक त्याला 'मंडा क्लब' म्हणू लागले. मंडा म्हणजे बंगाली मिठाई, संदेशाचा भाऊबंद. बसणारे कोण? कवी सत्येंद्रनाथ दत्त, भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चट्टोपाध्याय, गीतकार अतुलप्रसाद सेन, संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस. निबंध वाचायचे, गायचे, खायचे. आमंत्रणं पद्यात छापलेली. एका आमंत्रणात तक्रार अशी की मूर्ख चिटणीस कुठे बुडी मारून बसलाय कोण जाणे, इकडे क्लब बुडायची वेळ आली!

कट्टर आड्डाबाज इथे नाक मुरडेल. वार ठरलेला, चिटणीस नेमलेला, हा कसला आड्डा? आक्षेपात तथ्य आहे. पण ज्या क्लबाच्या आमंत्रणात चिटणिसालाच मूर्ख म्हणतात, त्याला मी तरी सभा म्हणणार नाही. शिवाय भाषेचा माणूस, आकड्यांचा माणूस आणि गाण्याचा माणूस आठवड्याला एका ताटाभोवती बसतात, हे विद्यापीठाच्या एखाद्या विभागात कुठे घडणार?

[पडद्यावर: स्वयंपाकघराचं दार. पलीकडून पुरुषांच्या हसण्याचा आवाज.]

पण ताट आणत कोण होतं? घरातल्या आड्ड्याला चहाच्या फेऱ्या आणि तेलेभाजा, म्हणजे भजी, आतून यायच्या. आणणारी बसायची नाही. रकवर तर बाईने बसायचा प्रश्नच नव्हता. बायकांचं बोलणं गच्चीवर, घाटावर, दुपारच्या निवांतपणात चालायचं, आणि त्याला आड्डा म्हणायला कुणी तयार नसायचं. अपवाद होते. कवी बुद्धदेव बसू यांच्या २०२, रासबिहारी अ‍ॅव्हेन्यू इथल्या घरी आड्डा भरायचा, तिथे त्यांच्या पत्नी प्रतिभा बसू, ज्या स्वतः लेखिका आणि गायिका होत्या, बरोबरीने बोलायच्या. पण ते अपवादच.

आड्डा नासतो तेव्हा त्यालाही बंगालीत वेगळं नाव आहे. 'परनिंदा-परचर्चा', लाडाने 'पीएनपीसी'. विषय सरकून गैरहजर माणसाकडे गेला की कुणीतरी हसत म्हणतं, चला, पीएनपीसी सुरू झालं. दुसऱ्या टोकाला 'आँतेल', फ्रेंच शब्दावरून केलेली थट्टा: जो ऐकत नाही, नुसती पुस्तकांची नावं फेकतो. निंदा आणि पांडित्य दोन्ही आड्ड्यात चालतात, मीठ चालतं तेवढीच.

[पडद्यावर: रात्र. गल्लीतला दिवा. रकवर चारजण.]

रक आता कमी होत चाललेत. जुनी घरं पाडून उंच इमारती आल्या. त्यांना फाटक असतं, पहारेकरी असतो, ओटा नसतो.

इथला अजून आहे. त्यातला एकजण म्हणतो, 'उठि', म्हणजे 'उठतो'. मग 'आशि', म्हणजे 'येतो'. निघताना 'जातो' म्हणत नाहीत, आपल्यासारखंच. तो उभा राहतो, चप्पल घालतो. तेवढ्यात दुसरा कालच्या मॅचमधल्या पेनल्टीबद्दल काहीतरी बोलतो. पहिला चप्पल घातलेल्या पायांनीच परत ओट्यावर टेकतो.